पाण्याखालचं शाबूत, पाण्यावरचं खाल्लेलं

मे महिन्यात पहाटे साडेपाचला फोन आला. केळीने भरलेल्या गाडीचं मागचं चाक बायपासच्या रस्त्यात अक्षापर्यंत रुतलं होतं. मी पोचले तेव्हा हमाल घड उतरवून दुसऱ्या गाडीत रचत होते आणि ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. कोणी म्हणालं, पाण्याची लाइन फुटली. कोणी म्हणालं, काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगाळते आणि बसते. खड्डा मात्र कोरडा होता. त्यातून सडक्या अंड्याचा वास येत होता आणि तो रस्त्याच्या मधोमध, म्हणजे भुयारी गटाराच्या बरोब्बर डोक्यावर पडला होता.

ती 600 मिलिमीटरची सिमेंटची लाइन टाकून नऊ वर्षं झाली होती. कागदावर तिचं आयुष्य तीस वर्षांचं.

आमचे मुकादम आप्पा गाडी निघाल्याबरोबर खड्ड्याच्या काठाकडे सरकले. मी त्यांना मागे ओढलं. सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्याची फसवी गोष्ट ही की तो थोडा असेल तर फार घाण वास येतो, आणि शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं, वास येतच नाही. माणसाला वाटतं, हवा साफ झाली. मीटर दोरीला बांधून शेजारच्या चेंबरमध्ये सोडला. दहा पीपीएमला वाजणारा तो मीटर झाकण उघडल्यापासून वाजतच होता. आकडा साठवर थांबला. पंपिंग स्टेशनला फोन करून पंप चालू करायला सांगितला. पाणी येऊन पडायला लागलं तसा आकडा चढत एकशे नव्वदवर गेला. पंपासरशी वायू उसळतो, हे लक्षात ठेवून मी बाकीचा दिवस काढला. आत कोणीही उतरणार नव्हतं. आम्ही पोकलेनने बाजूने खणून तुटलेला पाइप वर काढला.

दुपारी त्रेचाळीस अंशांच्या उन्हात तो तुकडा रस्त्याकडेला पडला होता. नळ लावून धुतला आणि मी थापी घेऊन बसले. पाइपचा तळ, जिथून नऊ वर्षं मैला वाहिला, तो नव्यासारखा होता. थापी मारली की खणखणीत वाजायची, साच्याची रेघसुद्धा दिसत होती. पाण्याची पातळी जिथपर्यंत यायची त्या रेषेच्या वर मात्र थापी बुडायची. ओल्या चुन्यासारखा पांढरा लगदा निघत होता, बोटांत दाबला की पाणी सुटायचं. त्यात काळ्या दगडाची खडी सुटी झाली होती. सगळ्यात वर, छताला, लोखंडी सळी उघडी पडून गंजली होती. लगदा खरवडून मोजलं तर पस्तीस मिलिमीटर काँक्रीट गेलं होतं, म्हणजे वर्षाला जवळपास चार. लगद्याला पीएचची पट्टी लावली आणि ती लालभडक झाली. एक. बॅटरीतलं आम्ल असतं त्या जातीचं.

आप्पा म्हणाले, "ताई, पानी जठे लागत नही, तठेच कसं खादं?"

याचं उत्तर दोन जातींच्या जिवाणूंत आहे. पाण्याखाली पाइपच्या अंगाला जो बुळबुळीत थर बसतो, त्याच्या आत प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सल्फाइड सोडतात. तोपर्यंत काँक्रीटला काही होत नाही. पाण्याचा पीएच सातच्या आसपास असला की या सल्फाइडचा साधारण निम्मा भाग वायू होऊन सुटू शकतो. पाणी शांत असेल तर तो हळूहळू सुटतो. पाणी आदळलं, फेसाळलं की भसकन बाहेर पडतो. मग तो छताच्या ओलीत विरघळतो आणि तिथे दुसऱ्या जातीचे, हवेवर जगणारे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. आम्ल सिमेंटमधल्या चुन्याला खाऊन जिप्सम बनवतं. तोच हा पांढरा लगदा. तळाला वाहतं पाणी असतं, हवा नसते, म्हणून तिथे आम्ल बनत नाही. आपल्याकडची खडी बेसाल्टची. ती आम्ल संपवत नाही, सगळा मार एकट्या सिमेंटवर पडतो. चुनखडीची खडी वापरली तर तीही झिजते, पण आम्ल संपवत झिजते आणि पाइप जास्त टिकतो.

आता प्रश्न होता, याच जागी का? गावातली बाकीची लाइन कॅमेऱ्याने पाहिली तेव्हा बरी निघाली होती. खाल्लेला भाग एका चेंबरपासून सुरू होऊन 170 मीटरवर संपत होता आणि त्या पहिल्या चेंबरमध्ये पंपिंग स्टेशनची रायझिंग मेन, म्हणजे पंप ज्यातून सांडपाणी दाबाने ढकलतो तो बंद पाइप, येऊन पडत होती.

संध्याकाळी ऑफिसात वही काढली. रायझिंग मेन 300 मिलिमीटरची, लांबी 1400 मीटर. तिच्यात जवळपास एक लाख लिटर मावतं. योजना दिवसाला वीस लाख लिटर सांडपाण्याची होती, पण घरांच्या जोडण्या रखडल्यामुळे येत होतं फक्त पाच लाख. म्हणजे प्रत्येक थेंब त्या बंद पाइपात सरासरी पावणेपाच तास, आणि रात्री पंप उभा असताना त्याहून जास्त. रायझिंग मेन पूर्ण भरलेली असते, तिच्यात हवा नसतेच. सांडपाण्याचं तापमान 33 अंश भरलं होतं. सल्फाइड तयार होण्याचा वेग अंशागणिक साधारण सात टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे 20 अंशांच्या मानाने आमच्याकडे तो अडीच पटीच्या जवळ जातो. थंड देशातल्या पुस्तकांतले आकडे वाचून खानदेशातला उन्हाळा कळत नाही, तो असा.

पुढची कथा चेंबरची. पाइप तळापासून 110 सेंटिमीटर उंच संपत होता आणि सेकंदाला 55 लिटर पाणी तिथून खाली आदळत होतं. एकशे नव्वदचा आकडा त्या धबधब्याचा होता. पाच लाख लिटर उपसायला पंपाला दिवसात अडीच तास पुरतात. बाकीचे साडेएकवीस तास पुढच्या 600 च्या लाइनमध्ये नुसती धार. लेव्हल घेतली तेव्हा उतार ठेकेदाराच्या नकाशाप्रमाणे 1000 ला 1 नसून 1600 ला 1 निघाला. पंप चालू असतानाही वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत. गाळ बसू नये म्हणून निदान 0.6 तरी लागतो. गाळ बसला की त्याच्या आतही हवा नसते, आणि तिथेही तेच जिवाणू.

आणि झाकणं. खणताना मला दिसलं होतं की सलग चार चेंबरांची झाकणं कडेने सिमेंटने बुजवली आहेत. विचारलं तर आप्पा खाली बघत म्हणाले, "वास येस म्हनीसन लोके वरडत. मंग आम्हीच सिमिट लाईसन बंद करं." त्यांना आमच्याच वरिष्ठांनी सांगितलं होतं. तक्रार मिटली आणि वायू छताखाली कोंडला. आतली हवा कायम ओली, आणि ओल गेली नाही तर आम्ल थांबत नाही. मला त्या माणसांचा राग आला नाही, पण घराशेजारी वास येतोय म्हणून जो कोणी तक्रार करतो तो खरं तर पाइपची पहिली चाचणी करून देतो, आणि आपण ती झाकून टाकली, याचं फार वाईट वाटलं.

आम्ही काय केलं ते सांगते. वाया जाणारे ते 110 सेंटिमीटर होते ना, तेच वापरले. नव्या 170 मीटर लाइनची सुरुवात 57 सेंटिमीटर वर उचलली, त्यामुळे उतार 250 ला 1 मिळाला. व्यास 600 ऐवजी 350 घेतला, पाइप एचडीपीई या प्लास्टिकचा, ज्याला हे आम्ल चढत नाही. पंप चालू असताना तो अर्धा भरतो आणि वेग सेकंदाला एक मीटरच्या थोडा वर जातो. गाळ राहत नाही. उरलेल्या उंचीसाठी रायझिंग मेनला खाली वळणारा बेंड लावून तोंड पाण्याखाली नेलं, म्हणजे पाणी आदळत नाही.

इथे एक गोष्ट मला आधी नीट उमगली नव्हती. वेग वाढवला की सल्फाइड तयार होणं कमी होतं, हे खरं. पण आधीच तयार झालेलं सल्फाइड घेऊन आलेलं पाणी वेगाने उसळत नेलं तर वायू उलट जास्त सुटतो. आमचं पाणी पहिल्या चेंबरमध्ये येतानाच कुजलेलं होतं. म्हणून नुसता उतार वाढवून भागणार नव्हतं, सुटलेला वायू पुढच्या काँक्रीटच्या लाइनमध्ये शिरण्याआधी काढून घ्यायला हवा होता.

नव्या लाइनच्या शेवटच्या चेंबरवर फायबरचा पंखा बसवला, तासाला 300 घनमीटर हवा ओढणारा. पहिल्या चेंबरवर हवा आत येण्यासाठी जाळीचं तोंड ठेवलं. पाणी ज्या दिशेने जातं त्याच दिशेने हवाही ओढली जाते, उलट खेचायला गेलं तर पंखा पाण्याशी भांडत बसतो. हवा आधी ओलसर ठेवलेल्या लाकडाच्या तुकड्यांच्या थरातून जाते, तिथे जिवाणू वायू खातात, आणि मग उंच नळीतून बाहेर पडते. आत किंचित ओढ राहते, त्यामुळे शेजारच्या झाकणांतून वास येणं बंद झालं. बुजवलेलं सिमेंट आम्ही फोडून टाकलं.

खानदेशचा उन्हाळा इथे कामी आला. मेमध्ये बाहेरची हवा इतकी कोरडी असते की तीच आत फिरवली तर काँक्रीटच्या लाइनचं पहिलं छत वाळतं. वर्षभराने, पुन्हा मेमध्ये, पुढच्या पहिल्या काँक्रीट चेंबरच्या वरच्या भागाला पट्टी लावली तर पीएच पाच आला. पंप चालू असताना मीटर आठच्या पुढे गेला नाही. ऑगस्टमध्ये तीच पट्टी तीनवर आली होती. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली, ती काय वाळवणार! तेव्हा पंखा फक्त वायू काढतो, आम्ल थांबवत नाही. आणि रायझिंग मेनमध्ये सल्फाइड बनतंच आहे, कारण पंप दिवसातून दहादा चालवला काय आणि पंचवीसदा चालवला काय, एक लाख लिटरचा पाइप आणि पाच लाखांचं पाणी, सरासरी तास तेवढेच राहतात. ते तास कमी व्हायचे तर घरं जोडली गेली पाहिजेत.

या महिन्यात साडेतीनशे जोडण्या झाल्या. पाणी सहा लाखांच्या पुढे गेलं आहे. पावसाळा सुरू होण्याआधी मी पुन्हा पट्टी घेऊन त्या चेंबरवर जाणार आहे.