डबडब वाजणारं पोट

आमच्या लातूर-औसा भागात जेवताना घासागणिक पेला तोंडाला लावणाऱ्याला हमखास विचारतात, "जेवायलास का पाणी पियालास?" विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. पण पिणाऱ्याच्या पोटात नंतर जे चालतं, त्याचं उत्तर मात्र शोधण्यासारखं आहे. पोट टम्म होतं, चालताना आत पाणी हिंदकळतं, आणि जरा वेळानं बेंबीच्या आसपास गुरगुर सुरू होते.

मे महिन्यातल्या एका लग्नात माझा भाचा माझ्या शेजारी पंगतीला बसला होता. येसरची आमटी अशी जहाल की पहिल्याच भुरक्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाढपी जग घेऊन फिरतच होता. भाच्यानं पाच पेले रिचवले. पेला साधारण दोनशे मिलिलिटरचा, म्हणजे लिटरभर पाणी झालं. भात, पोळी, आमटी, बुंदी मिळून पाऊण लिटर तरी धरा. पेला अर्धा टाकून उठायची त्याची छाती नव्हती, तेही सांगायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून ज्या शहराला पाजलं, त्या गावची माणसं पेल्यात उरलेल्या पाण्याकडं अजूनही वाकड्या नजरेनं बघतात. पुढ्यात ओतलेलं पाणी तहान असो-नसो पोटात जातं. परतताना खडबडीत रस्त्यावर मोटारसायकलच्या प्रत्येक आदळ्याला भाचा मागून कण्हत होता, "मामा, हळू चालवा, पोटात डबडब वाजायलंय."

रिकामं जठर आक्रसून अगदी लहान झालेलं असतं. घास गिळला की त्याचा वरचा भाग आपोआप सैल पडतो आणि येणाऱ्याला जागा करून देतो. म्हणूनच सुरुवातीचे बरेच घास जाऊनही आत दाब वाढत नाही आणि आपल्याला काही जाणवत नाही. एक ते दीड लिटरपर्यंत बहुतेकांचं जठर कुरकुर न करता ताणलं जातं. त्यापुढं मात्र भिंतीतल्या मज्जातंतूंची टोकं ताण ओळखतात आणि मेंदूला कळवतात की आता पुरे. भाच्याच्या जठरात पावणेदोन लिटर एकाच वेळी नव्हतं हे खरं, कारण वरून ओतणं चालू असतानाच खालून थोडं निसटत असतं. पण त्यात गिळलेली लाळ आणि जठराचा स्वतःचा रस मिळवला, की हिशेब पुन्हा काठाशी येतो. वर मांडी घालून, पट्टा आवळून बसलेलं.

ताण ओळखणारी ही टोकं फक्त आकारमान मोजतात. आत भाकरी आहे की नुसतं पाणी, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. अन्नातला कस ओळखायचं काम पुढं लहान आतड्यात होतं. म्हणून पाण्यानं आलेली तुडुंबी फार टिकत नाही. उपाशीपोटी प्यायलेलं साधं पाणी पाव तासात निम्म्याच्या आसपास पुढं सरकलेलं असतं. जेवणात मिसळलं तर थोडं रेंगाळतं, तरी बरंचसं अन्नाला वळसा घालून जठराच्या आतल्या, आखूड बाजूनं खाली उतरतं. घन अन्नाला ती मुभा नाही. ते घुसळून घुसळून एक-दोन मिलिमीटरचे कण होईपर्यंत जठराचं खालचं दार त्याला सहसा सोडत नाही, आणि आमटीवर तेलाची तर्री, बुंदीत तूप असलं तर आतड्याकडून 'सावकाश सोडा' असा निरोप येतो. भाचा चार वाजता चिवड्याचा डबा शोधत होता, त्याचं मला नवल वाटलं नाही. पाणी गेलं, ताण उतरला.

आता आवाज. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण पोटातल्या खळखळाटाला खोलीपेक्षा हवा कारणीभूत असते. नुसतं पाणी वाजत नाही, त्याच्या जोडीला हवा लागते. ती आपणच गिळतो, प्रत्येक घोटाबरोबर थोडीथोडी. तांब्या ओठांपासून वीतभर उंच धरून गटागटा पिण्याची आपली जी रीत आहे, तिच्यात ही हवा जरा जास्तच जाते. उष्टं न करण्याचा संस्कार आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही, पण पोट त्याची नोंद घेतं. बसलेलं असताना ही हवा जठराच्या वरच्या फुग्यात जमते आणि ढेकर देऊन निघून जाते. जी निघत नाही ती पाण्याबरोबर लहान आतड्यात शिरते. आतड्याच्या भिंती लाटेसारख्या आकुंचन पावत हे पाणी-हवेचं मिश्रण अरुंद नळीतून पुढं ढकलतात, तेव्हा बुडबुडे फुटतात आणि गुरगुर ऐकू येते. म्हणजे आवाज दोन वेगळे. हलल्यावर वाजणारं डबडब जठरातलं, आणि निश्चल बसलं तरी वाजणारं गुरगुर बहुधा आतड्यातलं.

जेवून लगेच उताणं पडलं की अन्ननलिकेचं तोंड पाण्याखाली जातं, हवेला वरची वाट मिळत नाही आणि ती खालच्या वाटेला लागते. डाव्या कुशीवर जठराचा मोठा फुगीर भाग खाली राहतो, पाणी तिथं साचतं, अन्ननलिकेचं तोंड मोकळं राहतं. जळजळही कमी वर येते. वामकुक्षी डाव्याच कुशीची का, हे शोधून काढणाऱ्याला क्ष-किरण लागले नव्हते.

पाण्यानं जठराग्नी विझतो, अन्न पचत नाही, हे मात्र मला पटत नाही. पेलाभर पाण्यानं जठरातलं आम्ल काही मिनिटं पातळ होतं खरं, पण जठर लगेच नवं सोडतं. दिवसाकाठी दोनेक लिटर रस तयार करणाऱ्याला एका पेल्याचं ओझं होत नाही. आम्लाला अन्न स्वतःच पाण्यापेक्षा जास्त सौम्य करतं. कोरडी ज्वारीची भाकरी घशाखाली उतरायला तर दोन घोट हवेतच.

डबडब जेवणानंतर दोन-तीन तास वाजली तर काळजीचं कारण नाही. चार-पाच तासांनी, काही प्यायलेलं नसताना, अंग हलवलं की पोटात पाणी वाजतं, वर सकाळचं अन्न संध्याकाळी उलटून पडतं, तेव्हा जठराचं खालचं दार अडलेलं असू शकतं किंवा जुन्या मधुमेहानं जठराची हालचाल मंदावलेली असू शकते. दोन घासांत पोट भरायला लागलं आणि वजन उतरू लागलं, तरी पाण्याला दोष देत बसू नये, डॉक्टरकडं जावं.

भाच्याच्या पाच पेल्यांचं मूळ अर्थात मिरचीत होतं. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. घोट गार असेपर्यंत बरं वाटतं, घोट गेला की जीभ पुन्हा पेटते आणि हात पुन्हा पेल्याकडं जातो. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश तिखट जिभेवरून सोडवून नेतात, म्हणून वाटीभर दही चार पेल्यांचं काम करतं. पंगतीत वाढपी जग घेऊन मात्र दर दोन मिनिटांनी येतो, दही एकदाच येतं, तेही चमचाभर.