तुम्ही विचारलंत म्हणून : उंचीसाठी हाताचा एक्स-रे

"मुलगा वर्गात सगळ्यात बुटका आहे. उंची तर टेपने मोजता येते, मग डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे कशाला सांगितला?"

टेप सांगते ती आजवर झालेली वाढ. अजून किती व्हायची आहे, ते हाडांत दिसतं.

लहान मुलाच्या लांब हाडाच्या टोकाशी एक वेगळा तुकडा असतो. हाडाचा दांडा आणि तो तुकडा यांच्यामध्ये कूर्चेची पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही, म्हणून तिथे काळी फट दिसते. हाड लांबीला वाढतं ते इथेच. फट भरून तुकडा दांड्याला जोडला गेला की त्या हाडाची लांबी थांबली. हाताच्या पंजात आणि मनगटात अशी बरीच हाडं एकाच फिल्मवर मिळतात, शिवाय त्यासाठी लागणारी किरणं निसर्गातून दिवसभरात आपल्याला मिळतात त्याहूनही कमी असतात. प्रथेने डावा हात घेतात, कारण तुलनेचे सगळे नमुने डाव्या हाताचे आहेत.

एक उदाहरण घेऊ. मुलगा 13 वर्षं 4 महिन्यांचा, उंची 140 सेंटिमीटर. मी फिल्म आधी वाचते आणि जन्मतारीख नंतर बघते, नाहीतर डोळा नकळत त्या वयाकडे झुकतो.

मनगटाची आठही छोटी हाडं दिसताहेत. त्यांतली पहिली दोन बाळ काही महिन्यांचं असतानाच उमटतात. करंगळीच्या बाजूचं वाटाण्याएवढं हाड सर्वांत शेवटी, मुलांमध्ये साधारण दहाव्या-अकराव्या वर्षानंतर येतं. ते इथे शेजारच्या हाडावर पुसटसं उमटलंय. म्हणजे खालची मर्यादा मिळाली. आता अंगठ्याचं मूळ. तिथल्या सांध्याजवळ एक बारीक गोल हाड मुलींमध्ये अकराच्या आणि मुलांमध्ये तेराच्या सुमारास दिसू लागतं. या फिल्मवर ते नाही. राहिली बोटं, आणि या वयात माझा सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावरच असतो. मधल्या पेरांच्या टोकाचे तुकडे रुंदीला दांड्याएवढे झालेत, पण त्यांच्या कडा अजून दांड्यावर वळलेल्या नाहीत. वयात येताना त्या टोपीसारख्या खाली उतरतात. फटी सगळ्या उघड्या आहेत.

मग हाताच्या एक्स-रेचे वयवार नमुने असलेल्या, ग्रॉयलिख आणि पाइल यांच्या अॅटलासमध्ये मुलांची पानं शेजारी ठेवून बघायची. सर्वांत जवळचं पान 11 वर्षांचं. म्हणजे हाडाचं वय 11, प्रत्यक्ष वयाच्या सव्वादोन वर्षं मागे. या वयात निरोगी मुलांतही वर्षभराचा फरक सर्रास आढळतो, दोन वर्षांपलीकडचा मात्र खरोखर मागे म्हणायचा.

अशा मुलाने आपल्या अंतिम उंचीच्या साधारण 80 ते 82 टक्के गाठलेली असते. 140 ला त्याने भागलं तर 171 ते 175 सेंटिमीटर येतात. हा अंदाज पाच-सहा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून मी आई-वडिलांना एकच आकडा कधी सांगत नाही. वडील म्हणाले, "मीसुद्धा कॉलेजात गेल्यावर उंच झालो." ते इथे नेमकं जुळतं. वाढ उशिरा सुरू होणारी घराणी असतात.

पण हाडाचं वय मागे का आहे, हे फिल्म सांगत नाही. थायरॉइड कमी असेल, वाढीचं हार्मोन कमी असेल, पोषण किंवा आतड्याचा त्रास असेल, तरी हाड असंच मागे राहतं. तेव्हा वर्षाला उंची किती वाढते ते मोजणं आणि रक्ततपासणी यांना पर्याय नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: फार लवकर वयात येणारं मूल आज वर्गात सर्वांत उंच असतं, त्याच्या फटी मात्र लवकर बुजतात. अशा मुलांचे पालक आपणहून क्वचितच येतात, याची मला जास्त काळजी वाटते.

चुका कुठे होतात? मुलाने बोटं वाकडी ठेवली तर तुकडा दांड्यावर चढलेला दिसतो आणि उघडी फट बुजल्यासारखी वाटते. सांध्याची मोकळी जागाही त्याच बोटात नाहीशी झाली असेल, तर दोष हात ठेवण्याचा समजावा आणि फिल्म पुन्हा घ्यावी. दुसरं, अॅटलासमधली मुलं 1930 च्या दशकातली, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या घरांतली होती. आपल्या मुलांना ते माप दरवेळी चपखल बसेलच असं नाही. म्हणून 'हाडाचं वय 11' याचा अर्थ 'त्या 11 वर्षांच्या नमुन्यासारखं' एवढाच घ्यावा. जन्मतारीख सिद्ध करायला हा एक्स-रे पुरेसा नाही.

पुढची फिल्म सहसा वर्षभराने काढतात. येताना जुनी फिल्म जरूर आणा, शक्यतो दोन्ही एकाच डॉक्टरांनी वाचाव्यात. दोन डॉक्टरांच्या वाचनात काही महिन्यांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यानेच वाढीचा वेग बदलल्याचा भास होतो.