‘फ्रायडेपर्यंत’ म्हणजे नेमकं कधी?

आज वाळूजच्या कारखान्यात चिनी मोल्डवाल्यांसोबत तासभर ऑनलाइन मीटिंग झाली. बोलणं सगळं इंग्रजीत, मिनिट्स चिनीत लिहायचं काम माझं.

आमचे साहेब म्हणाले, “वी विल ट्राय टू सेंड द ड्रॉइंग बाय फ्रायडे.” ऐकायला सोपं, पण याच वाक्यापाशी मी अर्धा तास अडकले.

‘周五前’ (चौ-वू छ्येन) लिहिलं, तर शुक्रवार त्यात धरायचा की गुरुवारीच मुदत संपली, यावर वाद होतो. मागच्या महिन्यात असाच घोळ झाला आणि ट्रायल चार दिवस लांबली. ते अजून सलतं मला. त्यात चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. आपले संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा तिकडे साडेसात झालेले असतात, माणसं घरी गेलेली.

‘ट्राय’साठी ‘争取’ (चंग-छ्यू) हा शब्द आहे, पण त्यातून फक्त प्रयत्नाची तयारी कळते, बांधिलकी नाही. मी साहेबांना विचारलं, “सर, नक्की देणार ना? आणि कोण देणार?” ते म्हणाले, “डिझाइनवाले देशमुख. नक्की लिही.”

मग ‘आम्ही’ काढलं, कारण मिनिट्स दोन्ही बाजू वाचतात. ओळ अशी झाली:

```
事项:发送修改后的图纸
责任人:印方设计部 Deshmukh
完成期限:11月14日(周五)17:00前(北京时间)
```

काम, जबाबदार माणूस, मुदत: शुक्रवार, १४ नोव्हेंबर, बीजिंगच्या वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या आत. देशमुखांना लगेच फोन करून सांगितलं, “दादा, तुमच्या घड्याळात दुपारी अडीचच्या आत.”