चेंडू वर थांबतो तेव्हा

"सर, कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायच्या जागेसाठी अर्ज करतोय. अवघड विषय सोपा करून सांगता येतो, हे नुसत्या कागदावर कसं दाखवायचं?"

माझ्या पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, 'अवघड संकल्पना रोजच्या उदाहरणांनी सोप्या करतो.' मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "करा एक." मी लगेच तारेतला विद्युतप्रवाह म्हणजे नळीतलं पाणी, असं सुरू केलं. त्यांनी विचारलं, "नळी कापली की पाणी सांडतं. तार कापली की काय सांडतं?" ती नोकरी मला मिळाली नाही, आणि मिळायलाही नको होती. उपमा कुठपर्यंत चालते आणि कुठे मोडते, याचा मी विचारच केला नव्हता.

आता अर्ज वाचायचं काम माझ्याकडे आलंय. तो दावा जवळपास प्रत्येक अर्जात असतो, म्हणून मी त्यावरून नजर पुढे नेतो. थांबतो ते उमेदवारानं एखादी संकल्पना तिथेच, आठदहा ओळींत समजावून दाखवली असेल तर. विषय भारदस्त असायची गरज नाही. सापेक्षतावादावर लिहिलेलं वाचून मला एवढंच कळतं की तुम्ही त्यावर वाचलंय. पोरं हमखास जिथे चुकतात अशी जागा निवडा. उदाहरणार्थ, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? वर्गात निम्म्याहून जास्त हात 'शून्य' म्हणून वर जातात.

इथे बहुतेक अर्जदार त्वरणाची व्याख्या लिहितात आणि '9.8' असं उत्तर देऊन मोकळे होतात. उत्तर बरोबर आहे, पण चुकलेला मुलगा होता तिथेच राहिला. त्याची चूक 'थांबतो' या शब्दात आहे. चेंडू थांबला म्हणजे सगळंच थांबलं, असं तो धरून चालतो. तेव्हा सुरुवात तिथूनच हवी. मी असं लिहीन:

'चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगानं वर फेकला. हिशेब सोपा व्हावा म्हणून गुरुत्वत्वरण 9.8 ऐवजी 10 धरू आणि हवेचा रोध सोडून देऊ. एका सेकंदानं वेग 10 उरतो, दोन सेकंदांनी 0, तीन सेकंदांनी पुन्हा 10, पण खालच्या दिशेनं. आता फक्त माथ्याजवळ बघा. माथ्यावर पोचायच्या अर्धा सेकंद आधी वेग वर 5 होता, अर्ध्या सेकंदानंतर खाली 5 झाला. म्हणजे त्या एका सेकंदातही वेग 10 नेच बदलला. वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण. माथ्यावर तोही शून्य झाला असता, तर वेग शून्याचा शून्यच राहिला असता आणि चेंडू तिथेच लटकला असता.'

एवढं पुरे. यात एकही सूत्र नाही, आकडे तोंडी करता येतात, आणि 10 का धरले हेही सांगितलंय. ते न सांगता 10 वापरणारा अर्जदार मला खटकतो, कारण हुशार पोरगं नेमकं तिथेच हात वर करतं. (हवेचा रोध धरला तरी सरळ वर फेकलेल्या चेंडूचं माथ्यावरचं उत्तर बदलत नाही. हवा स्थिर असेल तर वेग शून्य असताना रोधही शून्य असतो. पण हे अर्जात घालू नका, मुख्य धागा सुटतो.)

त्याखाली एक प्रश्न लिहा, ज्यावरून मुलाला खरंच कळलंय का ते तपासता येईल. 'माथ्यावर त्वरण किती?' असं पुन्हा विचारण्यात अर्थ नाही, कारण ते आता पाठ झालंय. त्यापेक्षा 'चेंडू वर जात असताना त्वरण कोणत्या दिशेला?' हे विचारा. ज्यानं नुसतं उत्तर उचललंय तो 'वर' म्हणतो, कारण चेंडू वर जातोय ना! त्या चुकीच्या उत्तरावर तुम्ही पुढे काय बोलाल, ते एका ओळीत लिहा. अर्जात ही ओळ दिसली, की मी त्या माणसाला डेमोला बोलावतोच.

डेमोत मात्र मी मागच्या बाकावरून म्हणणार, "सर, नाही कळलं." तेव्हा तेच आकडे मोठ्या आवाजात पुन्हा सांगू नका. फळ्यावर वेग आणि काळाचा आलेख काढा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून उतरत येणारी एक सरळ रेष, दोन सेकंदांपाशी शून्याची रेघ ओलांडून तशीच खाली जाणारी. मग खडू माझ्या हातात द्या आणि विचारा, ओलांडताना रेषेचा उतार कुठे बदलला ते दाखवा.