तुंबलेला बंधारा

“मॅडम, ह्याचं जुलाब काय थांबंनात बघा. रोज तीन-तीन चड्ड्या धुतो मी,” आई म्हणाली. आठ वर्षांचा मुलगा खुर्चीच्या कडेवर बसला होता, मान खाली. करवीर तालुक्यातल्या गावातून सकाळच्या एसटीनं तिघं आली होती. जुलाब थांबवायचं औषध आधी दोन वेळा देऊन झालं होतं. वडिलांनी सांगितलं, “मुद्दाम करतोय. मारलं तरी सुधारंना.” आजोबांनी हौसेनं तालमीत घातलं होतं, पण लंगोट भरल्यावर पोरं हसली आणि त्यानं जाणंच सोडलं.

मी एकच प्रश्न विचारला. “हा नीट संडासला कधी जातो? आणि गेला की संडास तुंबतो का?”

आई थबकली. “आठ-दहा दिसांनी जातोय. बादलीभर पाणी ओतलं तरी जाईत न्हाई.”

जुलाब होणाऱ्या मुलाला एवढी मोठी, कडक शी होत नाही. पोट तपासलं. बेंबीखाली डावीकडे हाताला गोळा लागला, घट्ट मातीसारखा, बोट दाबलं तर खळगा राहणारा. पाठीचा कणा, पायांची ताकद आणि गुदद्वार बाहेरून पाहिलं, सगळं ठीक होतं. जन्मल्यावर पहिली काळी शी पहिल्याच दिवशी झाली होती. ती दोन दिवसांपेक्षा उशिरा झाली असती, वजन वाढत नसतं किंवा पाय लुळे वाटले असते, तर मी वेगळ्या आजाराचा शोध घेतला असता. इथं एक्स-रेचीही गरज नव्हती.

वडील शेतकरी, म्हणून मी कागदावर कोल्हापुरी बंधारा काढला. “बरगे घातल्यावर पाणी अडतं, पण फटींतून झिरपतंच ना? आतड्याच्या टोकाला कडक शीचा बंधारा झालाय. वरची पातळ शी त्याच्या कडेनं झिरपते. तेच तुम्हाला जुलाब वाटतात. आणि तिथली पिशवी इतकी ताणलीय की आता भरल्याचं ह्याला कळतच नाही. वासही त्याच्या नाकाला सवयीचा झालाय. मार खाऊन हे कसं थांबणार?”

मग हळूहळू मूळ सापडलं. पहिलीत असताना एकदा कडक शी होऊन चीर पडली, रक्त आलं. दुखण्याच्या भीतीनं तो धरून ठेवू लागला. शाळेच्या संडासाला कडी नव्हती, तिथं तर जायचाच नाही. कोपऱ्यात उभा राहून पाय आवळायचा. घरच्यांना वाटायचं, जोर करतोय. तो तर शी अडवत होता.

वजन २४ किलो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर रोज ३० ग्रॅम, पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडी थोडी. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते आणि गोळा मऊ करते. सुट्टी बघून सुरू करायला सांगितलं, आणि एक गोष्ट दोनदा बजावली: पहिले दोन-तीन दिवस चड्डी जास्तच भरेल, म्हणून औषध थांबवायचं नाही. उलटी झाली किंवा पोट फुगलं, तर मात्र लगेच यायचं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, “मॅडम, घमेलंभर झाली!” पाचव्या दिवशी पोट मऊ होतं.

इथून पुढचा काळ जास्त कठीण. आता रोज १० ग्रॅम, आणि जेवणानंतर रोज दोनदा संडासात पाच-दहा मिनिटं. जेवल्यावर आतडं आपोआप हलतं, ती वेळ साधायची. शी झाली नाही तरी रागवायचं नाही, फक्त बसल्याची नोंद वहीत करायची. आजोबा शक्ती यावी म्हणून म्हशीचं दूध पोटभर पाजत होते, त्यानं भाकरी-भाजीला जागाच उरत नव्हती. ते कमी करायला लावलं.

तीन आठवड्यांनी तिघं परत आली, चड्डी पुन्हा खराब. “बरा झाला म्हणून बंद केली पावडर. सवय लागंल की,” वडील म्हणाले. ही भीती मी जवळपास प्रत्येक घरात ऐकते. ह्या पावडरीनं आतडं आळशी होत नाही. ताणलेल्या पिशवीला मूळ आकारात यायला महिने लागतात, आणि तोवर शी मऊ राहिली नाही तर गोळा पुन्हा बसतो. पोटात तो बसलाही होता. पुन्हा ३० ग्रॅमपासून सुरुवात केली.

ह्यावेळी वही मुलानं स्वतः ठेवली. दुसऱ्या महिन्यात एका पानावर लिहिलं होतं, ‘आज कळ आली.’ कळ येते हे त्याला नव्यानं कळलं होतं. मी ते पान वडिलांना वाचायला दिलं. ते बराच वेळ बघत बसले, मग पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

सहावा महिना संपलाय. पावडर ६ ग्रॅमवर आणलीय, गेल्या महिन्यात दोनदाच डाग पडला. परवा जाताना त्यानं दारातून विचारलं, “मॅडम, तालमीत जाऊ?”

“जा. पण संडासला बसून मग जायचं.”

पुढची भेट दिवाळीनंतर.