पडद्यावर आठ, घड्याळात पावणेतीन

औषधांच्या वेळा लक्षात ठेवणाऱ्या एका अ‍ॅपचा साठ सेकंदांचा डेमो व्हिडिओ होता. स्क्रिप्ट माझी. नेहमीसारखे तीन रकाने: रेकॉर्डिंगमध्ये काय दिसेल, पडद्यावर कोणता मजकूर येईल आणि निवेदक काय बोलेल. निवेदन एकशे दहा शब्दांत बसवलं होतं. मिनिटाला त्याहून जास्त शब्द कोंबले की बोटाच्या हालचालीला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

घोळ चौथ्या दृश्यात झाला. तिथे मी लिहिलं होतं: ‘डोस सेव्ह होतो, आठवण येते.’ निवेदनात आणि मजकुरात ‘संध्याकाळी 8’. रेकॉर्डिंग करणाऱ्याने दुपारी काम उरकलं. आठपर्यंत कोण थांबणार, म्हणून त्याने डोसची वेळ पावणेतीनची लावली आणि आठवण आली तशी टिपली. पहिला कट पाहताना टेस्टरने बोट ठेवलं. मजकूर म्हणतो 8, वरच्या पट्टीतलं घड्याळ म्हणतं 2:45, आणि आठवणीच्या सूचनेतही 2:45 स्पष्ट वाचता येतंय. वेळ पाळणं हेच ज्या अ‍ॅपचं काम, त्याच्या व्हिडिओत वेळच खोटी! मी रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाला दोष देणार नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये घड्याळाबद्दल अक्षर नव्हतं.

आमच्यातल्या एकाने लगेच अँड्रॉइडचा डेमो मोड सुचवला. डेव्हलपर ऑप्शन्समधून तो आधी चालू करायचा आणि मग:

```
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command enter
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command clock -e hhmm 2000
```

इतर दृश्यांना हा उपाय चोख आहे. निरनिराळ्या वेळी घेतलेले तुकडे जोडले तरी घड्याळ पुढेमागे उड्या मारत नाही. पण डेमो मोड फक्त पट्टीवरचं घड्याळ रंगवतो. फोनची खरी वेळ तीच राहते, त्यामुळे आठची आठवण काही वाजत नाही. या दृश्यासाठी फोनची आपोआप वेळ घेण्याची सोय बंद करून घड्याळ हातानेच पुढे न्यावं लागतं. त्याआधी लॉगिन उरकलेलं बरं, कारण घड्याळ चुकलं की काही सर्व्हर लॉगिन नाकारतात.

दुसऱ्या वेळी क्रम असा ठेवला: आधी आठचा डोस सेव्ह, मग घड्याळ 7:59, मग रेकॉर्डिंग सुरू. आठवण ठोक्याला येईलच असं नसतं. बॅटरी वाचवण्यासाठी फोन अशा सूचना थोड्या मागे ढकलू शकतो. `adb shell screenrecord` तीन मिनिटांनी आपोआप थांबतं, म्हणून फार आधी सुरू करूनही चालत नाही. पट्टीतून उतरणारी सूचना काही सेकंदांत निघून जाते, तेव्हा तिच्यावर बोट कधी टेकवायचं हेही लिहून दिलं.

नवीन चौथं दृश्य असं झालं:

0:24–0:26
रेकॉर्डिंग: ‘सेव्ह’वर टॅप. यादीत डोस दिसल्यावर एक सेकंद हात स्थिर.
पडद्यावर: काही नाही.
निवेदन: एकदा वेळ लावली की झालं.

0:26–0:28
रेकॉर्डिंग: नाही. साधी पार्श्वभूमी.
पडद्यावर: संध्याकाळी 8 वाजता
निवेदन: शांतता.

0:28–0:33
रेकॉर्डिंग: घड्याळ 8:00. सूचना उतरते, दोन सेकंद थांबून ‘घेतलं’वर टॅप.
पडद्यावर: टॅपनंतर, खालच्या भागात: नोंद झाली
निवेदन: आठवण येते, आणि नोंद तिथेच होते.

मधली दोन सेकंदं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. पहिल्या कटमध्ये सेव्हला लागूनच आठवण जोडली होती, आणि पाहणाऱ्याला वाटत होतं की सेव्ह केल्याबरोबर सूचना येते. स्टोअरच्या पानावर असे व्हिडिओ आपोआप सुरू होतात ते आवाजाविना. तिथे ‘संध्याकाळी’ हे निवेदकाने सांगून उपयोग नाही, ते वाचताच आलं पाहिजे.

मजकूर टॅपनंतर आणण्याचं कारणही तेच. दोन्ही एकदम आले की डोळा अक्षरांकडे धावतो आणि बटण निसटतं. पहिल्या कटमध्ये ‘नोंद झाली’ वरच्या भागात, थेट सूचनेवरच बसलं होतं. आवाज बंद करून पाहिलं असतं तर पहिल्याच फेरीत पकडलं असतं, पण कट तपासताना सगळ्यांच्या कानात हेडफोन होते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. ती कोरी दोन सेकंदं संपादकाला लांब वाटतात, तो दीडवर आणायला सांगतो. तीन शब्द दीड सेकंदात वाचून होतात, हे खरं. पण दुपार सरून संध्याकाळ झाली हे त्या वेळात पोचतं का, याची मला खात्री नाही. तूर्त दोन्ही कट ठेवले आहेत. अ‍ॅप कधीच न पाहिलेल्या चार जणांना ते आवाजाविना दाखवणार आहोत आणि एवढंच विचारणार आहोत: आठवण किती वेळाने आली?