आजीची पत्रं आणि पाच सह्या

रविवार, रात्री

आज मामीकडे जाऊन आजीची पत्रं प्रसिद्ध करायच्या परवानगीवर सही आणली. पाचातली चौथी. पाचवी मामेभावाची. तो कॅनडात असतो, सही केलेला कागद स्कॅन करून पाठवतो म्हणालाय.

सांगलीला मावशीआजीच्या घरी माळ्यावर साडीच्या खोक्यात आजीनं पुण्याहून तिला लिहिलेली ५८ पत्रं निघाली, त्याला दीड वर्ष झालं. बहुतेक निळी आंतरदेशीय, थोडी पोस्टकार्डं. १९५८ ते १९७३. नारायण पेठेतला वाडा, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, त्यानंतर शाळेच्या वर्गात काढलेले दिवस, मग नवी जागा. प्रत्येक पत्राची सुरुवात ‘ती. ताईस सा. न. वि. वि.’ आणि कागद संपला की शेवटचं वाक्य गोंदाच्या पट्टीवर उभं लिहिलेलं. आठ महिने रोज रात्री जेवणं झाली की मी ती टाइप केली. तिचं ‘ण’ आणि ‘ग’ यांतला फरक कळायलाच महिना गेला. पुराबद्दल इतक्या जवळून लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलं नाही, म्हणून ती पत्रं सगळ्यांना वाचता यावीत असं पहिल्यापासून मनात होतं.

माझी समजूत अशी की सांगलीच्या मामांनी, म्हणजे मावशीआजीच्या मुलानं, पत्रं दिली, म्हणजे परवानगी मिळाली. आमच्या सोसायटीतल्या वकील काकूंनी ती पहिल्याच बैठकीत मोडली. पत्र ज्याला आलं, त्याच्या मालकीचा फक्त कागद. शब्द लिहिणाऱ्याचे. ही वाटणी जुनी आहे. इंग्लंडात १७४१ साली कवी अलेक्झांडर पोप यांनी आपली पत्रं परस्पर छापणाऱ्या एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्याला कोर्टात खेचलं, तेव्हाच न्यायाधीशांनी ती सांगून ठेवली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही पत्र हे लिहिणाऱ्याचं लेखन धरलं जातं. म्हणजे सांगलीच्या मामांकडे, खरं तर त्यांच्या आईकडून त्यांच्याकडे, आलाय तो कागद. तो जपायचा, विकायचा, फाडायचा, हे त्यांच्या हातात. छापायला हो म्हणणं मात्र त्यांच्या हातात नाही.

मग कोणाच्या? काकूंनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. आजी १९९६ मध्ये गेली. मृत्युपत्र नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिचं जे होतं ते आजोबा आणि तीन मुलं यांना सारखं, म्हणजे प्रत्येकी पाव. आजोबा २००१ मध्ये गेले, तेही मृत्युपत्र न करता. त्यांचा पाव तिघा मुलांत वाटला गेला, तेव्हा आई, मावशी आणि थोरला मामा यांचा एकेक तृतीयांश झाला. मामा २०१५ मध्ये गेला. त्याचा तृतीयांश मामी, मामेबहीण आणि मामेभाऊ यांच्यात गेला, प्रत्येकी एक नवमांश. म्हणून पाच सह्या. फ्लॅटच्या वाटणीसारखीच शब्दांची वाटणी होते, हे ऐकून आई कितीतरी वेळ गप्प होती.

त्या हिशेबात माझं नाव कुठेच नव्हतं. आई आहे तोवर माझा वाटा शून्य. अक्षर लावलं मी, टाइप केलं मी, म्हणून आजीचे शब्द माझे होत नाहीत. मला वाईट वाटलं, पण काकूंचं बरोबर होतं.

आईनं विचारलं, “तिला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला हक्क?” लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनाला त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. हयातीत न छापलेल्या लेखनाची गोष्ट उलटी आहे. त्याची ६० वर्षं ते पहिल्यांदा प्रसिद्ध होईल त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. आजीच्या पत्रांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. ते मी सुरू करणार.

“टाक की, त्यात काय विचारायचं,” असं पाचही जण फोनवर म्हणाले होते. पण परवानगी लेखी लागते. शिवाय ‘टाक की’ म्हणताना त्यांच्यापैकी एकानंही पत्रं वाचलेली नव्हती.

मंगळवार

मी केलेली चूक लिहून ठेवायला हवी.

टाइप करून झालं त्याच रात्री मी सगळी पत्रं पीडीएफ करून घरच्या ग्रुपवर टाकली. ३१ माणसं. पाच वारस काय ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. सकाळी मामेबहिणीचा फोन. “सप्टेंबर ६१ चं वाचलंस ना तू? आत्याआजी आहे अजून.” मी धावत फाइल ‘सर्वांसाठी’ पुसली. पण तोवर ती किती जणांच्या फोनमध्ये उतरली असेल, ते आता कळणार नाही.

आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. पूर आला तेव्हा एकोणीस वर्षांची, त्याच वाड्यात राहणारी. ठरलेलं लग्न पुरानंतर मोडलं. आजीनं लिहिलंय, “मुलाकडच्यांनी कळवले. सोयरीक मोडली. घरात सर्व रडतात, पण ताई, मला तर वाटते वन्सं मनातून सुटल्या.”

मला वाटलं होतं नाव वगळलं की झालं. आजीनं नाव कुठे लिहिलंच नाही, सगळीकडे ‘वन्सं’. पण आजीला वन्सं एकच होत्या. वाड्याचं नाव, पेठ, साल आणि ‘वन्सं’ एवढं असलं की नाव असून नसून सारखंच. नात्याचा शब्दच तिचा पत्ता सांगतो.

कायद्यानं आत्याआजीची सही लागत नाही. तिचा वाटा शून्य, माझ्यासारखाच. पण त्या पत्रात उघडी पडणार ती, आम्ही पाच-सहा जण नाही. मोठ्या अक्षरात छापून तिच्याकडे कर्वेनगरला गेले. तोंडी सारांश सांगायचा नाही, हे मनाशी पक्कं केलं होतं. सारांशात आपण आपल्याला अवघड वाटतं तेच सांगतो.

तिनं भिंग घेऊन सगळं वाचलं. अर्धा तास लागला. मग म्हणाली, “सोयरीक मोडली ते राहू दे. वहिनीनं बरोबर ओळखलं होतं. माझ्या मुलींनाही ठाऊक आहे. पण हे पातळाचं काढ.”

कुठलं पातळ, मला आठवेचना. पत्राच्या पहिल्या पानावर एक वाक्य होतं, “वाटपातले पातळ नेसायचे नाही म्हणून वन्संनी दिवसभर रडारड केली, संध्याकाळी नेसल्या.” मी त्यावरून चार वेळा गेले असेन, काही खटकलं नव्हतं.

“ज्या शाळेत रांगेत उभी राहून ते घेतलं, त्याच शाळेत मी पुढे अठ्ठावीस वर्षं शिकवलं,” ती म्हणाली. “माझ्या मुली वाचतील.” मुली म्हणजे विद्यार्थिनी.

मी ते वाक्य काढलं. त्या जागी ‘इथे एक वाक्य वगळलं आहे’ असं लिहिलं. गुपचूप काढून आजूबाजूचं सांधून टाकलं असतं, तर ते आजीचं पत्र राहिलं नसतं. निघताना आत्याआजीनं विचारलं, “का वगळलं ते लिहिणार आहेस?” नाही म्हटलं. इथे, या वहीत लिहिलंय, ते माझ्यापुरतं. ही पानं कधी बाहेर दाखवायची झाली तर आधी तिलाच विचारायचं, असं इथेच लिहून ठेवते.

(नंतर : आज विचारलं. “आता लिही, नाव नको,” म्हणाली. शाळेचंही नाव नको, तेही घातलेलं नाही.)

गुरुवार

मजकुरातून वाक्य गेलं, पण पत्राचा फोटोही टाकायचा होता. फोटोतल्या त्या ओळीवर पांढरी पट्टी चढवली. मग सहज मागच्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. आंतरदेशीयचा कागद पातळ, आजीची शाई गडद. पुढची ओळ मागून उलटी उमटलेली. फोनवर फोटो आरशासारखा फिरवला आणि ‘वाटपातले पातळ’ स्वच्छ वाचता आलं.

काळा कार्डबोर्ड मागे ठेवून पुन्हा स्कॅन केलं. त्यानं उमट बरीच कमी होते, पण शाई कागदात मुरली असेल तिथे राहतेच. त्या पत्राचा फोटो टाकायचा नाही, फक्त मजकूर द्यायचा, असं ठरवलं. आणि पीडीएफमधल्या शब्दांवर काळा चौकोन ठेवून भागत नाही, खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. मूळ फाइलमधूनच वाक्य काढून नवी पीडीएफ करावी लागते.

सगळ्या पत्रांच्या पत्त्याच्या बाजूही काढल्या. सांगलीचं घर अजून तेच आहे.

शुक्रवार

मामेभावाचा कागद आला. सहीखाली एक अट : पुढे कोणाला त्रास झाला तर पत्र काढून घेता आलं पाहिजे. मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा मुक्त परवाना लावणार होते, म्हणजे शाळांना, अभ्यासकांना विचारत बसावं लागणार नाही. पण तो परवाना एकदा दिला की ज्यांनी त्याखाली मजकूर घेतला त्यांच्याकडून परत घेता येत नाही. तेव्हा तो बेत सोडला. वाचायला खुलं, वापरायचं असेल तर आम्हाला विचारा, एवढंच. त्यालाही सांगितलं की आम्ही काढलं तरी कुणीतरी जतन केलेली प्रत राहू शकते. अट पूर्ण पाळता येईल असं वचन मी देऊ शकत नाही. तो म्हणाला, चालेल, पण हे कागदावर लिही. लिहिलं.

शनिवार

राहिलं ४१ नंबरचं पत्र. १९६६ चं. त्याच्या गोंदाच्या पट्टीवर उभ्या अक्षरात लिहिलंय, “ताई, वाचून झाल्यावर हे फाडून टाक.”

ते पाचांपैकी फक्त आईनं वाचलंय. त्यात आजोबांबद्दल आहे. त्यातलं कुणीही आज हयात नाही, कुणाची बदनामी नाही, पाचही सह्यांत ते पत्र धरलेलं आहे. कायद्याच्या बाजूनं काही अडत नाही. मावशीआजीनं ते फाडलं नाही, तिच्याकडे त्याची काय कारणं होती ती तिच्याबरोबर गेली.

“छापायचं नाही,” आई म्हणाली. एवढंच. मलाही ते पटतं. यादीत मात्र ४१ पुढे ‘प्रसिद्ध केलेलं नाही’ असं लिहावं, असं माझं म्हणणं. आईला तो आकडाही नको, लोक विचारतील म्हणते. यावर दोन दिवस आम्ही बोलतोय, एकमत झालेलं नाही.

उद्या सकाळच्या एसटीनं सांगलीला जातेय, कागद परत करायला. ५७ पत्रं बटर पेपरमध्ये गुंडाळून खोक्यात, ४१ नंबरचं वेगळ्या पाकिटात. पाकिटावर आईनं काहीही लिहू दिलं नाही. कागद मामांचा आहे. ती पट्टीवरची ओळ मी त्यांना दाखवणार आहे आणि पाकीट त्यांच्या हातात देणार आहे.